वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस कशी काढायची: तारीख, जागा, विषय आणि प्रॉक्सी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी हिशेब सांभाळतो. कंपनी पब्लिक लिमिटेड आहे पण शेअर बाजारात नोंदलेली नाही. भागधारक एकशे ऐंशीच्या आसपास: मूळ कुटुंब, जुने डीलर, आणि एकेकाळी बोनसऐवजी शेअर घेतलेले कामगार. सभेची नोटीस काढायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा गेल्या वर्षीची फाईल उघडली, तारीख बदलली आणि पाठवून दिली. त्यातून झालेल्या चुका पुढच्या दोन वर्षांत एकेक करून कळल्या. तुमच्यावर हे काम नव्यानं आलं असेल, तर त्या चुका तुम्हाला कराव्या लागू नयेत म्हणून हे लिहितो आहे.

खालचं सगळं कंपनी कायदा, २०१३ आणि सर्वसाधारण सभांसाठीचं सचिवीय मानक (एसएस-२) यांना धरून आहे, आणि आमच्यासारख्या छोट्या, बाजारात न नोंदलेल्या पब्लिक कंपनीपुरतं आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला, किंवा जिचे सभासद हजार वा त्याहून जास्त आहेत तिला, ई-व्होटिंग द्यावंच लागतं. तिथली नोटीस वेगळी असते. प्रायव्हेट कंपनी असेल तर आधी आपलं आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची नियमावली, उघडून बघा, कारण नोटीस, कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आणि प्रॉक्सी म्हणजे सभासदाऐवजी जाणारा माणूस, यांबाबत त्यात वेगळी तरतूद असू शकते आणि ती चालते.

हाताशी काय ठेवायचं

- सभासदांचं अद्ययावत रजिस्टर: फोलिओ नंबर, पत्ता, ईमेल, शेअरसंख्या
- आर्टिकल्स ऑफ असोसिएशन
- सही झालेला ताळेबंद, संचालकांचा अहवाल, ऑडिटरचा अहवाल
- नोटीस मंजूर केल्याचा संचालक मंडळाचा ठराव
- एमजीटी-११ हा प्रॉक्सी फॉर्म आणि हजेरीची स्लिप
- सभेच्या जागेचा नकाशा
- भिंतीवरचं कॅलेंडर. हे गमतीनं म्हणत नाही, पहिली पायरी त्यावरच करायची आहे.

## १. सभेचा दिवस ठरवा आणि तिथून मागे मोजा

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. दोन वार्षिक सभांमध्ये पंधरा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. (कंपनीची पहिलीच सभा असेल तर पहिलं आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिने मिळतात.) सभा सकाळी ९ ते संध्याकाळी ६ या वेळात सुरू करायची. रविवार चालतो, राष्ट्रीय सुट्टी चालत नाही.

बहुतेक जण सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरतात. माझा सल्ला आहे की शेवटच्या तारखेच्या आधी एक पूर्ण आठवडा मोकळा ठेवा. त्याचं कारण कोरम आहे. हजारपर्यंत सभासद असलेल्या पब्लिक कंपनीत किमान पाच सभासद स्वतः हजर लागतात. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात पाच जण जमले नाहीत तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी ढकलली जाते. सभा २९ सप्टेंबरला ठेवली आणि कोरम झाला नाही, तर ती ६ ऑक्टोबरवर जाते, म्हणजे मुदत उलटून.

२०२६ चं उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबर बुधवारी येतो. मी सभा बुधवार, २३ सप्टेंबर, सकाळी ११ वाजता धरीन. कोरम हुकलाच तर पुढचा बुधवार ३० तारखेलाच आहे, मुदतीच्या आत.

आता नोटिशीचे दिवस. कायदा २१ पूर्ण दिवस मागतो. 'पूर्ण' म्हणजे पाठवल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. २ सप्टेंबर ते २२ सप्टेंबर हे २१ दिवस झाले. म्हणजे ईमेलनं पाठवायची शेवटची तारीख १ सप्टेंबर. पोस्टानं किंवा कुरियरनं पाठवत असाल तर आणखी दोन दिवस सोडावे लागतात, मग शेवटची तारीख ३० ऑगस्ट येते. पण ३० ऑगस्ट २०२६ रविवार आहे. म्हणजे पोस्टात टाकायला प्रत्यक्षात शनिवार २९ हाच शेवटचा दिवस. मी गुरुवार २७ ऑगस्टला सगळी पाकिटं देऊन टाकीन.

पहिल्या वर्षी मी 'एकवीस दिवस' म्हणजे तीन आठवडे समजून बुधवारच्या सभेसाठी तीन आठवडे आधीच्या बुधवारी पोस्ट केलं होतं. बोटांवर मोजून बघा, मधले पूर्ण दिवस वीसच भरतात. त्यात पोस्टाचे दोन दिवस वेगळेच. कमी दिवसांची नोटीस चालवून घ्यायची तर वार्षिक सभेसाठी मतदानाचा हक्क असलेल्या किमान ९५ टक्के सभासदांची लेखी किंवा ईमेलनं संमती लागते. एकशे ऐंशीपैकी एकशे एकाहत्तर जणांची. आम्ही ती गोळा करायचा प्रयत्न केला आणि शेवटी नवी तारीख काढून नोटीस पुन्हा पाठवली.

## २. जागा: हॉल बुक करण्याआधी नोंदणीकृत पत्ता बघा

सभा नोंदणीकृत कार्यालयात घ्यायची, किंवा ते ज्या शहरात, गावात आहे त्याच्या हद्दीतच दुसरीकडे. आमचं कार्यालय शिरोलीच्या पत्त्यावर नोंदलेलं आहे. कोल्हापुरातला चांगला हॉल दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पार्किंग आहे, पण तो दुसऱ्या गावाच्या हद्दीत पडतो. बाजारात न नोंदलेली कंपनी भारतात कुठेही वार्षिक सभा घेऊ शकते, पण त्यासाठी सगळ्या सभासदांची आगाऊ संमती लागते. सगळ्या म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत. त्यामुळे आम्ही कारखान्याच्या कॅन्टीनमध्येच खुर्च्या मांडतो.

नोटिशीत वार, तारीख, वेळ आणि पूर्ण पत्ता लिहा. ठळक खूण आणि नकाशा जोडा. 'कंपनीच्या आवारात' एवढंच लिहून भागत नाही, ज्यांनी कारखाना कधी पाहिलेला नाही असे भागधारकही असतात.

## ३. नोटीस कुणाकुणाला जाते

प्रत्येक सभासदाला, मग त्याच्याकडे दहा शेअर का असेनात. शिवाय प्रत्येक संचालकाला, ऑडिटरला, आणि मयत सभासदाच्या कायदेशीर वारसाला. वारस राहून जातात, कारण रजिस्टरमध्ये नाव अजून जुनंच असतं. कुणी वारल्याचं कळवलं असेल तर त्या फोलिओसमोर पेन्सिलीनं खूण करून ठेवत जा.

पाठवल्याचा पुरावा जपा: पोस्टाच्या पावत्या, ईमेल गेल्याची यादी. जे ईमेल परत येतात त्यांना आम्ही त्याच दिवशी पोस्टानं प्रत पाठवतो. म्हणूनच ईमेलसुद्धा पोस्टाच्या तारखेच्या हिशेबानं आधी पाठवलेले बरे.

## ४. विषयपत्रिका

वार्षिक सभेत चारच गोष्टी 'साधारण कामकाज' धरल्या जातात: ताळेबंद आणि अहवाल स्वीकारणं, लाभांश जाहीर करणं, पाळीनं निवृत्त होणाऱ्या संचालकांच्या जागी नेमणूक, आणि ऑडिटरची नेमणूक व मानधन. याबाहेरचा प्रत्येक विषय 'विशेष कामकाज' असतो आणि त्याला स्पष्टीकरणाचं निवेदन जोडावं लागतं. हा ठराव का आणला, कुठल्या संचालकाचा किंवा त्याच्या नातेवाइकांचा त्यात काय संबंध आहे, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: संचालक मंडळानं वर्षाच्या मध्ये कुणाला अतिरिक्त संचालक म्हणून घेतलं असेल, तर त्याची मुदत या सभेपर्यंतच असते आणि त्याला कायम करायचा ठराव आणावा लागतो. तो 'संचालक नेमणूक' म्हणून साधारण कामकाजात टाकला जातो. तसं नाही. तो कुणा निवृत्त होणाऱ्याच्या जागी येत नाही, म्हणून ते विशेष कामकाज आहे, निवेदनासह.

दुसरा खड्डा जुन्या फाईलचा. ऑडिटर पाच वर्षांसाठी नेमले जातात आणि पूर्वी दर वर्षी सभेत त्या नेमणुकीला पुन्हा मान्यता घ्यावी लागे. ती अट २०१८ मध्ये काढली. तरी जुनी नोटीस उतरवून काढणाऱ्यांच्या विषयपत्रिकेत तो विषय अजून सापडतो. आमच्याही होता.

'आणि अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय' ही ओळ सहकारी संस्थेच्या सवयीनं लिहू नका. कंपनीच्या सभेत ज्याची नोटीस दिलेली नाही असं विशेष कामकाज ऐनवेळी घेता येत नाही.

ठराव पूर्ण शब्दांत लिहा, आणि तो साधारण आहे की विशेष ते वर नमूद करा. विशेष ठरावाला विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूनं लागतात, आणि घरी बसून वाचणाऱ्याला प्रॉक्सी द्यायची की नाही हे त्यावरूनच ठरवायचं असतं.

## ५. प्रॉक्सीची टीप: नोटिशीतली सगळ्यात जपून लिहायची चार वाक्यं

सभासदाला स्वतःऐवजी दुसऱ्या माणसाला पाठवता येतं आणि तो माणूस सभासद असण्याची गरज नाही, हे नोटिशीत ठळकपणे लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे. राहिलं तर जबाबदार अधिकाऱ्याला पाच हजार रुपये दंड आहे. बारीक अक्षरात शेवटच्या पानावर ढकलू नका. आम्ही विषयपत्रिका संपल्याबरोबर चौकटीत छापतो:

> सभेस हजर राहून मतदान करण्याचा हक्क असलेल्या सभासदास स्वतःऐवजी हजर राहून पोलमध्ये मतदान करण्यासाठी प्रॉक्सी नेमता येईल. प्रॉक्सी कंपनीचा सभासद असण्याची आवश्यकता नाही. पूर्ण भरलेला, तिकीट लावलेला व सही केलेला प्रॉक्सी फॉर्म नोंदणीकृत कार्यालयात सोमवार, २१ सप्टेंबर २०२६ रोजी सकाळी ११ वाजेपर्यंत पोचला पाहिजे. एका व्यक्तीस जास्तीत जास्त ५० सभासदांसाठी, आणि मतदानाचा हक्क असलेल्या एकूण भागभांडवलाच्या १० टक्क्यांपर्यंतच्या शेअरसाठी, प्रॉक्सी म्हणून काम करता येईल.

तिसरं वाक्य बघा. सगळ्या नोटिशींत 'सभा सुरू होण्यापूर्वी ४८ तास' असं छापलेलं असतं. तेही असू द्या, पण सोबत वार, तारीख, वेळ लिहा. ४८ तासांपेक्षा जास्त आधी फॉर्म मागता येत नाही. 'तीन दिवस आधी द्या' असं आर्टिकल्समध्ये असलं तरी ते ४८ तासच धरलं जातं.

हे तारीख-वार लिहिण्याचं कारण सांगतो. एका वर्षी आमची सभा मंगळवारी अकराला होती. म्हणजे ४८ तासांची मुदत रविवारी अकराला संपत होती. हे माझ्या लक्षातच आलं नाही. आमच्याकडे पॅटर्न शॉपमध्ये आयुष्य काढलेले एक निवृत्त काका गडहिंग्लजहून रविवारी सकाळी एसटीनं आले. मंगळवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मुलाच्या नावानं प्रॉक्सी द्यायची होती. फॉर्म नीट भरलेला, तिकीट लावलेलं. साडेदहाला ते गेटवर होते. वॉचमन म्हणाला, "काका, आज ऑफिस बंद आहे, उद्या या." ते सोमवारी दहाला पुन्हा आले आणि मी त्यांना मुदत संपल्याचं सांगितलं. त्यांनी फॉर्मची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवला आणि काही न बोलता गेले.

मी चुकलो होतो. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला तरी फॉर्म स्वीकारावेच लागतात, असं मानकात स्पष्ट आहे. ते वेळेत आले होते, दार आमचं बंद होतं. तेव्हापासून सभा सोमवारी किंवा मंगळवारी ठेवायची नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. ठेवावीच लागली तर शनिवार-रविवारी आवक रजिस्टर घेऊन माणूस गेटवर बसतो.

आणखी एक. कंपनीच्या खर्चानं निवडक सभासदांना 'अमुक माणसाला प्रॉक्सी द्या' असं सुचवणारी पत्रं पाठवू नका, फॉर्मवर आधीच कुणाचं नाव छापूनही देऊ नका. कायद्यात त्यासाठी वेगळा दंड आहे. कोरा फॉर्म सगळ्यांना सारखाच जायला हवा.

## ६. फॉर्म भरणाऱ्याला काय सांगायचं

आम्ही एमजीटी-११ सोबत मराठीत अर्ध्या पानाच्या सूचना जोडतो. तुमच्याकडे कुणी भागधारक विचारायला आला तर हेच सांगा.

फॉर्मवर आपलं नाव रजिस्टरमध्ये आहे तसंच लिहा, फोलिओ नंबर आणि शेअरसंख्या टाका. प्रॉक्सीचं नाव, पत्ता, सही. एकाखाली एक तीन नावांची जागा असते: पहिला आला नाही तर दुसरा, तोही नसेल तर तिसरा. तिघं एकदम येऊन मत देऊ शकत नाहीत. तारीख टाका. रेव्हेन्यू तिकीट लावा (आमच्याकडे एक रुपयाचं लावतात) आणि सही तिकिटावरून कागदावर जाईल अशी करा, म्हणजे ते रद्द झालेलं दिसतं. तिकीट नसलेला, तिकीट रद्द न केलेला, तारीख नसलेला किंवा प्रॉक्सीचं नाव रिकामं सोडलेला फॉर्म बाद होतो. 'नाव तुम्हीच टाका साहेब' असं म्हणून सही करून दिलेले फॉर्म दर वर्षी दोन-तीन येतात. ते मी मुदतीच्या आत असतील तर परत देतो आणि समोर बसवून भरून घेतो.

भागधारक कंपनी असेल तर तिला दोन वाटा आहेत. संचालक मंडळाच्या ठरावानं प्रतिनिधी पाठवला तर तो सभासदासारखाच बोलू शकतो आणि कोरममध्येही धरला जातो. प्रॉक्सी पाठवला तर नाही.

आणि हे मात्र तोंडी सांगाच: प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही. हात वर करून मतदान झालं तर त्याला मतही देता येत नाही. त्याचं मत फक्त पोल झाला तरच मोजतात. सहकारी संस्थेत एक सभासद एक मत असतं, पण कंपनीच्या पोलमध्ये जितके शेअर तितकी मतं. ज्याला प्रश्न विचारायचा आहे त्यानं स्वतः यावं, किंवा प्रश्न आधी लेखी पाठवावा.

पोल कोण मागू शकतं? एकूण मतांपैकी एक दशांश मतं, किंवा पाच लाख रुपये भरणा झालेले शेअर ज्यांच्याकडे आहेत असे सभासद. त्यात प्रॉक्सीमार्फत हजर असलेलेही धरतात. समजा भांडवल एक कोटी आहे आणि शेअर दहा रुपयांचा, म्हणजे एकूण दहा लाख शेअर. पाच लाख रुपये म्हणजे पन्नास हजार शेअर. पाच-सहा हजार शेअरवाले दहा जण एकत्र आले, त्यांच्यातले निम्मे प्रॉक्सी देऊन घरी आणि निम्मे सभेत असले, तरी पोल मागता येतो. मागणी हात वर केल्याचा निकाल जाहीर होण्याआधी किंवा होताच करायची. हे माहीत नसेल तर प्रॉक्सी मागच्या खुर्चीत बसून ठराव मंजूर होताना बघत राहतो.

सभा फक्त व्हिडिओ कॉन्फरन्सवर असेल तर मंत्रालयाच्या परिपत्रकांनुसार प्रॉक्सीची सोयच नसते. तशा नोटिशीत ही टीप उतरवू नका.

## ७. फॉर्म जमा होताना आणि सभेच्या दारात

प्रत्येक फॉर्मवर मिळाल्याची तारीख आणि वेळ लिहा, देणाऱ्याला पोच द्या. एकाच सभासदाचे दोन फॉर्म आले तर नंतरची तारीख असलेला धरायचा. दोन्हींवर तारीख एकच असेल आणि वेळ लिहिलेली नसेल, तर दोन्ही बाद. म्हणून नावं बदलणाऱ्याला नव्या फॉर्मवर वेळही लिहायला सांगा.

मुदत संपली की एक तक्ता करा: प्रॉक्सीचं नाव, त्याला किती सभासदांनी नेमलं, एकूण शेअर किती. वरच्या उदाहरणात दहा टक्के म्हणजे एक लाख शेअर. गावातले शिक्षक, जुने युनियनचे पदाधिकारी अशा विश्वासातल्या माणसाकडे वीस-पंचवीस घरांचे फॉर्म जमतात आणि बेरीज लाखावर कधी गेली हे त्यांनाही कळत नाही. अशा माणसाला मी आधीच फोन करून मर्यादा सांगतो, म्हणजे उरलेले सभासद वेळेत दुसरं नाव देऊ शकतात. एखाद्या सभासदाचेच दहा टक्क्यांहून जास्त शेअर असतील तर त्याला एक प्रॉक्सी नेमता येतो, पण त्या प्रॉक्सीला दुसऱ्या कुणाचं काम करता येत नाही.

सभासदाला जमा झालेले फॉर्म तपासायचे असतील तर त्यानं तीन दिवस आधी लेखी कळवायचं असतं. मग सभेच्या चोवीस तास आधीपासून सभा संपेपर्यंत, कामकाजाच्या वेळेत ते दाखवावे लागतात. फाईल कपाटात कुलूपबंद करून किल्ली घेऊन जाऊ नका.

सभेच्या दिवशी दारात दोन टेबलं लावा. सभासदाला पांढरी स्लिप, प्रॉक्सीला ओळखपत्र बघून पिवळी. कोरम मोजताना फक्त पांढऱ्या मोजायच्या. प्रॉक्सी आणि त्याला नेमणारा सभासद दोघंही आले तर प्रॉक्सी आपोआप रद्द होते, त्यामुळे पिवळी स्लिप देण्याआधी पांढऱ्या यादीत तो फोलिओ आला आहे का बघा, आणि पांढरी दिल्यावर त्याच फोलिओची पिवळी गेली असेल तर ती परत मागून घ्या. आमच्याकडे हे दुसरं काम स्टोअरमधली एक मुलगी करते. फोलिओ नंबरवार यादी, लाल पेन आणि तिच्याशेजारी दुसरं कुणीही बसवायचं नाही.